जांघेच्या घडीतले ठिपके: ऐरोलीतील एका डायपर रॅशचे प्रकरण

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, सलग चार दिवस पाऊस लागून राहिलेला असताना, ऐरोलीतील माझ्या दवाखान्यात 9 महिन्यांच्या एका मुलीला घेऊन तिची आई आणि आजी आल्या. तक्रार एका वाक्याची होती: आठ दिवस होऊन गेले तरी डायपरच्या जागेचे पुरळ जात नाही, आणि आता शू झाली तरी मुलगी किंचाळते. एरवी ती दूध नीट पीत होती, ताप नव्हता, वजन 8 किलो 200 ग्रॅम भरले आणि ते वयाला साजेसे होते. असे पुरळ बहुतेक मुलांना कधी ना कधी येते आणि घरच्या घरी तीन-चार दिवसांत ओसरते. हे का ओसरले नाही, याचे उत्तर मला तपासण्यापेक्षा आधी तारखांमध्ये शोधायचे होते, म्हणून मी आईला पहिल्या दिवसापासून क्रमाने सांगायला लावले.

तो क्रम असा निघाला. मुलीला कान दुखून ताप आला होता, त्यासाठी अमॉक्सिसिलिन आणि क्लाव्ह्युलानेट असलेले अँटिबायोटिकचे सिरप 7 दिवस चालले. तिसऱ्या दिवसापासून तिला पातळ शी होऊ लागली, दिवसाला सहा-सात वेळा. हे औषध पोट ढिले करते, हे आईला सांगितलेही गेले होते. चौथ्या दिवशी नितंबांवर लाली आली. मग प्रत्येक वेळी सुगंधी वाइप्सने जागा रगडून पुसणे, वर बेबी पावडर भुरभुरणे आणि नवा डायपर चढवणे, असे तीन दिवस चालले. सातव्या दिवशी कोणीतरी सुचवल्यावरून औषधाच्या दुकानातून एक ट्यूब चिठ्ठीशिवाय आणली गेली. दोन दिवस लाली झपाट्याने उतरली, घरात सगळ्यांना हायसे वाटले, आणि तिसऱ्या दिवशी पुरळ पूर्वीपेक्षा गडद होऊन परतले. तरीही ट्यूब चालूच राहिली, कारण एकदा तिने काम केले होते. माझ्याकडे आल्या तो बारावा दिवस होता.

यातला पहिला टप्पा, म्हणजे चौथ्या दिवसाची लाली, हा साधा क्षोभाचा डायपर रॅश होता. त्याला लोक सरसकट शूचा चटका म्हणतात, पण शू एकटी फार थोडे बिघडवते. खरा त्रास शू आणि शी एकत्र आल्यावर होतो. शीमधले जंतू लघवीतल्या युरियाचे अमोनियात रूपांतर करतात, त्यामुळे एरवी किंचित आम्ल असलेला त्वचेचा पृष्ठभाग अल्कधर्मी होतो, आणि शीतून आलेली प्रथिने व चरबी पचवणारी विकरे अशाच वातावरणात जोर धरतात. आतड्यात अन्न पचवायची ती विकरे इथे ओलाव्याने भिजून मऊ पडलेली त्वचा पचवू लागतात. पातळ शीमध्ये ही विकरे अधिक असतात, कारण आतड्यातून ती घाईने बाहेर पडते. म्हणून जुलाब लागलेल्या मुलाचा पार्श्वभाग एका रात्रीत लाल होतो, आणि नुसत्या शूने भरलेल्या डायपरमध्ये झोपलेले दुसरे मूल सकाळी ठणठणीत उठते. यावर वाइप्सच्या रगडण्याची भर पडली. पावडरीने फायदा तर झालाच नाही, उलट ओल्या जागी तिचे गोळे होऊन जांघेच्या घडीत साचले आणि तिथे घासत राहिले. शिवाय टाल्कची पावडर लहान बाळाच्या श्वासात जाऊ शकते, त्यामुळे ती मी कोणत्याच कारणासाठी सुचवत नाही.

आजींचे म्हणणे वेगळे होते. "आमच्या वेळी कुठे होती ही डायपरं? सुती लंगोट असायचे, हे असलं काही व्हायचं नाही," असे त्या म्हणाल्या. त्यांच्याशी मी वाद घातला नाही, पण पूर्ण सहमतही झाले नाही. सुती लंगोट ओला होताच बदलला जात असे, हे त्याचे खरे गुण. तोच लंगोट दोन तास अंगावर राहिला, तर हल्लीच्या जेल असलेल्या डायपरपेक्षा तो त्वचेला जास्त ओली ठेवतो. आणि जुलैमध्ये नवी मुंबईत गॅलरीत वाळत घातलेला लंगोट दुसऱ्या दिवशीही दमटच असतो. त्यात नीट न निघालेला साबण राहिला किंवा जंतुनाशकाच्या पाण्यात तो शेवटी बुडवलेला असला, तर लाल झालेल्या त्वचेवर त्याचा वेगळा त्रास होतो. काय बांधता यापेक्षा किती वेळाने सोडता, हे इथे महत्त्वाचे होते. या घरात दिवसाला चार डायपर लागत होते, आणि शी मात्र सहा-सात वेळा होत होती. हा हिशेब आईनेच मोठ्याने केला आणि ती गप्प झाली.

नंतर मी ती ट्यूब मागितली. आजींच्या पिशवीत ती होतीच. बारीक अक्षरात तिच्यावर तीन औषधांची नावे होती: एक बुरशीनाशक, एक अँटिबायोटिक आणि क्लोबेटासोल. क्लोबेटासोल हे त्वचेवर लावायच्या स्टेरॉईडांपैकी सर्वांत तीव्र गटातले आहे. अशा स्टेरॉईड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री नियमाने 2018 मध्येच बंद झाली आहे, तरी ती सहज मिळतात, आणि खाज, लाली, गजकर्ण, डायपर रॅश या सगळ्यांवर एकच ट्यूब दिली जाते. स्टेरॉईड सूज आणि लाली दाबते, म्हणून पहिले दोन दिवस जादू झाल्यासारखे वाटते. त्याच वेळी ते त्या जागेची प्रतिकारशक्तीही दाबते, आणि बुरशीला मोकळे रान मिळते. ट्यूबमध्ये बुरशीनाशक होते हे खरे, पण ज्या स्टेरॉईडच्या सोबत ते दिले गेले त्याने त्याच्या कामावर पाणी फिरवले. डायपरमुळे एक जास्तीची अडचण होते. प्लास्टिकच्या आवरणाखाली बंद झालेली, ओली आणि सोललेली त्वचा औषध कितीतरी अधिक शोषते, आणि बाळाच्या शरीराच्या मानाने ही जागा लहान नसते. असे मलम आठवडेच्या आठवडे वापरले, तर त्वचा कागदासारखी पातळ होते, नितंबांवर लालसर जांभळ्या गाठी येऊ शकतात, आणि औषध रक्तात उतरून शरीराची स्वतःची स्टेरॉईड निर्मिती मंदावू शकते. पाच दिवसांत यातले काही झाले नव्हते, पण ते शोधणे माझ्या तपासणीचा भाग होता.

आता तपासणी. मुलीला खिडकीजवळच्या टेबलावर झोपवून, डायपर पूर्ण काढून, मी प्रथम हात न लावता नुसते पाहिले. नितंबांचे उंचवटे, मांड्यांचा आतला भाग आणि ओटीपोटाचा खालचा पट्टा लालसर, किंचित चकाकणारा होता. डायपरला जे भाग चिकटतात, ते हेच. साध्या रॅशमध्ये लाली इथेच असते आणि जांघेच्या घड्या वाचतात, कारण घडीच्या तळाशी डायपर टेकत नाही आणि शीही सहसा पोहोचत नाही. म्हणून मी अंगठ्याने जांघेची घडी अलगद ताणली. आतली त्वचा कापलेल्या बिटासारखी गडद लाल आणि ओलसर होती, तिच्या कडेला सुटत चाललेल्या पापुद्र्याची पांढुरकी झालर होती, आणि त्या कडेपासून बोटभर अंतरावर, निरोगी दिसणाऱ्या त्वचेवर, खसखशीच्या दाण्याएवढे लाल ठिपके विखुरलेले होते. दोन-तीन ठिपक्यांच्या टोकाशी पूचा सूक्ष्म बिंदू होता. मी आईला वाकून पाहायला सांगितले, कारण पुढे घरी हेच ठिपके तिला मोजायचे होते.

घडीतली लाली आणि मुख्य पट्ट्याबाहेर पसरलेले ठिपके, ही कॅन्डिडा या बुरशीची ओळख आहे. ही बुरशी बाळाच्या आतड्यात थोड्या प्रमाणात राहतेच. अँटिबायोटिकने तिथले इतर जंतू कमी झाले की ती वाढते आणि शीसोबत बाहेर येते. बाहेर तिला ओलसर, उबदार आणि आधीच सोललेली त्वचा मिळते. साधा रॅश तीन दिवसांपेक्षा जास्त टिकला, तर त्यावर कॅन्डिडा बसली असण्याची शक्यता मी नेहमी धरते, आणि या मुलीच्या बाबतीत तर अँटिबायोटिक, जुलाब आणि स्टेरॉईड या तिन्ही गोष्टी एकापाठोपाठ घडल्या होत्या. चित्र इतके स्पष्ट असताना त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची गरज मला वाटली नाही. उपचाराला दाद मिळाली नाही, तर ती करता आली असती. तोंडात जिभेवर आणि गालांच्या आत पांढरे, पुसून न निघणारे थर आहेत का, हे मात्र पाहिले, कारण तिथेही बुरशी असेल तर तोंडाचा उपचार वेगळा करावा लागतो आणि स्तनपान देणाऱ्या आईचे स्तनाग्रही तपासावे लागते. तोंड स्वच्छ होते.

जे नव्हते, तेही नोंदवायला हवे. गुदद्वाराभोवती रेघ मारल्यासारख्या स्पष्ट कडेचे लालभडक कडे असते आणि शी करताना मूल कळवळले असते, तर स्ट्रेप्टोकॉकसचा संसर्ग मनात आला असता, आणि त्याला तोंडाने अँटिबायोटिक लागते. मधासारखी पिवळी खपली किंवा सहज फुटणारे पातळ फोड नव्हते. तोंडाभोवती, हातापायांवरही असेच चट्टे, विरळ होणारे केस आणि न थांबणारे जुलाब असे एकत्र दिसले असते, तर शरीरातील जस्ताच्या कमतरतेचा तपास करावा लागला असता. लाली डायपरच्या हद्दीतच होती.

उपचारात पहिली गोष्ट ती ट्यूब थांबवण्याची. त्यामुळे एखाद-दोन दिवस लाली थोडी वाढल्यासारखी वाटेल, हे मी आधीच सांगितले; नाहीतर आजींनी दुसऱ्याच दिवशी ती पुन्हा लावली असती. त्याऐवजी नुसते बुरशीनाशक, क्लोट्रिमॅझोल 1 टक्का क्रीम, दिले. दिवसातून दोनदा, वाटाण्याएवढे, पातळ थरात, घडीच्या तळापर्यंत आणि ठिपक्यांच्या थोडे पलीकडेपर्यंत. दिसणारे सगळे ठिपके गेल्यावरही आणखी तीन दिवस, म्हणजे एकूण साधारण 10 दिवस.

दुसरी गोष्ट संरक्षक थराची, आणि नेमके इथेच बहुतेक घरांत चूक होते. झिंक ऑक्साइडची पेस्ट किंवा पेट्रोलियम जेली हे त्वचेत जिरवायचे औषध नव्हे. तिचे काम भिंतीवरच्या गिलाव्याचे आहे: शी आणि त्वचा यांच्यामध्ये उभे राहायचे. चेहऱ्याच्या क्रीमसारखी ती चोळून जिरवली, तर थर उरतच नाही. मी दवाखान्यातच लाकडी पट्टीने पोळीवर लोणी फासावे तशी ती लावून दाखवली, खालची लाली दिसेनाशी होईल इतकी जाड. ट्यूबवर झिंक ऑक्साइडचे प्रमाण वाचून घ्यायला सांगितले. 10 ते 40 टक्के प्रमाणात ती मिळते, आणि त्वचा सोललेली व जुलाब चालू असताना मी जास्त टक्क्यांची, सुगंध नसलेली निवडते. जुलाब नसलेल्या मुलाला रोजच्या वापरासाठी साधी पेट्रोलियम जेलीही पुरते. क्रम महत्त्वाचा: आधी क्लोट्रिमॅझोल, ते दोन-चार मिनिटे बसू द्यायचे, मग वरून पेस्ट. उलटे केले तर औषध गिलाव्याच्या बाहेरच राहते. खोबरेल तेलाचे काय, असे आजींनी विचारले. खोबरेल साधारण 24-25 अंशांना वितळते, त्यामुळे आपल्याकडे ते जवळजवळ बाराही महिने पातळच असते आणि पहिल्याच शूबरोबर वाहून जाते. थर म्हणून ते कमी पडते, पण पेस्ट काढण्यासाठी ते उत्तम, आणि त्या कामासाठी मी ते आजींच्याच हवाली केले.

तिसरी गोष्ट हवा आणि वेळ. दिवसा जमेल तेव्हा 15-20 मिनिटे डायपरशिवाय जुन्या सुती चादरीवर ठेवणे; शी झाल्याबरोबर आणि एरवी दर दोन-तीन तासांनी डायपर बदलणे; बरे होईपर्यंत एक माप मोठा डायपर सैल बांधणे; पुसण्यासाठी वाइप्स बंद करून कोमट पाणी आणि कापूस, आणि मग न चोळता टिपून कोरडे करणे. जुलाब आटोक्यात आले नाहीत तर बाकीचे सगळे वाया जाते, म्हणून ओआरएस आणि 14 दिवसांसाठी रोज 20 मिलिग्रॅम जस्ताचे सिरपही लिहिले. हे जस्त जुलाबांसाठी होते, त्याचा वरून लावायच्या झिंकशी संबंध नाही, हे वेगळे सांगावे लागले, कारण आईला वाटले की आता पेस्टची गरज नाही.

तिसऱ्या दिवशी दाखवायला बोलावले होते. ठिपके निम्म्याने कमी झाले होते आणि पूचे बिंदू वाळले होते, म्हणजे बुरशीचा अंदाज बरोबर होता. पण नितंबांचे उंचवटे मात्र तसेच सोललेले, एका जागी तर रक्ताचा बारीक ठिपका. हे जुळत नव्हते. विचारल्यावर दोन गोष्टी कळल्या. घरी आजी दर वेळी पेस्टचा पांढरा थर घासून पूर्ण काढत होत्या, कारण त्यांना तो मळ वाटत होता. त्याबरोबर नुकती धरू लागलेली त्वचाही निघत होती. दुसरी गोष्ट माझ्या चुकीची. आई आयटी पार्कमध्ये नोकरी करते आणि सोमवारपासून मुलगी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा पाळणाघरात असते, हे मी पहिल्या दिवशी विचारलेच नव्हते. तिथे सुगंधी वाइप्स चालूच होते आणि डायपर दुपारच्या झोपेनंतरच बदलला जात होता. मी दिलेली योजना दिवसाच्या जागत्या वेळेत लागूच झाली नव्हती.

आजींना मी टेबलाशी बोलावून पुन्हा दाखवले. शी झाली असेल तर पेस्टचा फक्त वरचा, मळलेला थर खोबरेलात बुडवलेल्या कापसाने सरकवून काढायचा आणि खाली स्वच्छ पांढरा थर दिसला की थांबायचे; त्यावरच नवी पेस्ट लावायची. नुसती शू असेल तर पेस्टला हातही लावायचा नाही. सगळा थर दिवसातून दोनदाच काढायचा, क्लोट्रिमॅझोल लावण्याआधी, आणि तोही तेलाने भिजवून. पाळणाघरासाठी मी एका कागदावर मराठीत चार ओळी लिहून दिल्या आणि तिथल्या मावशींसाठी वेगळी पेस्टची डबी, कापूस आणि तेलाची छोटी बाटली पाठवायला सांगितली. मावशींची तक्रार अशी की पेस्ट लावल्यावर पुरळ कमी झाले की नाही ते दिसत नाही. तक्रार रास्त होती. त्यावर उत्तर एवढेच की पाहण्याचे काम त्यांनी करायचे नाही; सकाळी आणि रात्री थर निघेल तेव्हा आई पाहील आणि घडीबाहेरचे ठिपके मोजेल.

ताप, पू वाढणे, फोड किंवा खपल्या, रक्त येणारी जखम, मूल मलूल होणे, शू कमी होणे, किंवा पुरळ डायपरच्या हद्दीबाहेर पोटावर-पाठीवर जाणे, यांपैकी काहीही झाले तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी यायला सांगितले होते. एरवी निरोगी असलेल्या मुलाचा साधा रॅश, डायपर वेळेवर बदलून आणि पेस्ट नीट लावूनही दोन-तीन दिवसांत उतरणीला लागला नाही, तर तो दाखवायला हवा. आणि बाळ दीड महिन्याच्या आतले असेल, तर तेवढेही थांबू नये. या मुलीला सातव्या दिवशी ट्यूबऐवजी कोणाला तरी दाखवले असते, तर बहुधा नुसत्या क्लोट्रिमॅझोलवर आठवड्याभरात भागले असते.

उपचाराच्या सातव्या दिवशी घड्या गुलाबी आणि कोरड्या होत्या, ठिपका एकही नव्हता, उंचवट्यांवर नवी त्वचा धरली होती. शी दिवसाला दोनदा होत होती. त्वचा पातळ झाल्याची किंवा बारीक रक्तवाहिन्या दिसू लागल्याची खूण नव्हती, म्हणजे स्टेरॉईडचे पाच दिवस निभावले होते. क्लोट्रिमॅझोल दहाव्या दिवसापर्यंत चालवून बंद केले, पेस्ट रात्रीच्या डायपरखाली महिनाभर ठेवली. पुन्हा अँटिबायोटिक लागले, तर पहिली पातळ शी होताच, लाली येण्याआधी, जाड थर सुरू करायचा, हे तिच्या फाइलवर लाल शाईने लिहून ठेवले आहे.

निघताना आईने ती जुनी ट्यूब पर्समधून काढली. अर्धी शिल्लक होती. मुलीच्या बाबांना मांडीवर गजकर्ण झाले आहे, त्यांना तरी चालेल का, असे तिने विचारले. बुरशीवर क्लोबेटासोल लावले की काय होते, हे तिने दोन आठवडे रोज पाहिले होते. मी फक्त तेवढीच आठवण करून दिली. तिने ट्यूब टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि बाबांसाठी शनिवारची वेळ मागितली. मी बालरोगतज्ज्ञ असल्याने त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले.